कॉल ऐकू येतो, मग मेसेज का नाही?

ऐरोलीहून रोज ठाण्याला गाडीने येणाऱ्या एका मित्राची तक्रार होती. फोनवर मेसेज वाचून दाखवणारा ड्रायव्हिंग मोड सुरू, गाडीचं ब्लूटूथ जोडलेलं आणि स्टिरिओवर एफएम चालू. कोणाचा फोन आला की एफएम आपोआप थांबतं, बोलणं गाडीच्या स्पीकरवर येतं. मेसेज आला तर मात्र एफएम तसंच चालू राहतं आणि वाचून दाखवलेलं काहीच ऐकू येत नाही. ॲक्सेसरीजच्या दुकानात त्याला सांगितलं, 'स्टिरिओ बदला.' स्टिरिओ अगदी धडधाकट होता.

गोम अशी की 'ब्लूटूथ जोडलं' असं आपण म्हणतो तेव्हा फोन आणि गाडी यांच्यात आवाजाच्या दोन वेगळ्या वाटा उघडलेल्या असतात. एक संभाषणाची, तिचं नाव एचएफपी. दुसरी गाण्यांची, ए-टू-डीपी. पहिलीवरून आवाज दोन्ही बाजूंनी जातो. दुसरीवरून तो फक्त फोनकडून गाडीकडे जातो, पण स्टिरिओ आणि चांगल्या दर्जाचा.

यातली संभाषणाची वाट मला फार आवडते. ब्लूटूथ एका सेकंदाचे १६०० तुकडे करतं, म्हणजे प्रत्येक तुकडा ६२५ मायक्रोसेकंदांचा. कॉल सुरू झाला की त्यातले ठरावीक तुकडे आवाजासाठी राखून ठेवले जातात. मूळच्या एका प्रकारात दर ३.७५ मिलिसेकंदांनी ३० बाइट आवाज जातो, म्हणजे सेकंदाला ६४ हजार बिट. ही वाट लोकलसारखी आहे: गाडी वेळेवर सुटणार, ज्याची चुकली त्याची चुकली. वाटेत हरवलेला आवाजाचा तुकडा मूळ पद्धतीत पुन्हा पाठवला जात नाही (नंतरच्या सुधारित पद्धतीत थोडी संधी मिळते), कारण संभाषणात उशिरा पोहोचलेला शब्द हरवलेल्या शब्दापेक्षा जास्त त्रास देतो. गाण्याच्या वाटेवर हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. त्यासाठी गाडी थोडा आवाज आधीच साठवून ठेवते आणि गाणं एखाद-दोन दशांश सेकंद मागे चालतं. गाणं ऐकताना त्याने काही बिघडत नाही.

जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, त्यामुळे त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचं काहीच पोहोचत नाही. 'स' आणि 'फ' यांची ओळख बरीचशी त्याच्या वरच असते. म्हणून जुन्या स्टिरिओवर नावं चुकीची ऐकू येतात. एचएफपीच्या २०११च्या आवृत्तीपासून १६,००० नमुन्यांची सोय आली, पण ती फोन आणि गाडी दोघांकडेही हवी.

आता मित्राच्या तक्रारीकडे येऊ. कॉल येतो तेव्हा फोन गाडीला आवाजाच्या आधी निरोप पाठवतो, `RING`. आपण स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की गाडी उलट `ATA` पाठवते. जुन्या मोडेमच्याच या आज्ञा आहेत. त्यामुळे कॉल आल्याचं गाडीला कळतं आणि ती एफएम बाजूला सारते. मेसेज वाचणारा आवाज मात्र फोन स्वतः तयार करतो आणि सहसा गाण्याच्या वाटेने पाठवतो. त्याच्यासोबत `RING`सारखा निरोप नसतो. स्टिरिओ एफएमवर असेल तर अनेक गाड्या तो आवाज वाजवतच नाहीत. मित्राने एफएमऐवजी ब्लूटूथ निवडलं, फोनवरून एक गाणं लावून पाहिलं, आणि पुढचा मेसेज गाणं हळू होऊन स्वच्छ ऐकू आला. स्टिरिओचा खर्च वाचला.



ब्लूटूथ निवडल्यावरही आणखी एक गोष्ट जाणवते. गाणं बंद असताना मेसेज आला तर पहिला शब्द, म्हणजे नेमकं पाठवणाऱ्याचं नाव, गिळलं जातं. शांतता असली की गाण्याची वाट थांबवून ठेवलेली असते. ती पुन्हा सुरू होईपर्यंत आणि गाडीचा ॲम्प्लिफायर उघडेपर्यंत नाव निघून गेलेलं असतं. गाणं चालू असताना नाव नीट ऐकू येत असेल, तर कारण हेच समजा.

आणि तोंडी उत्तर देताना गाणं थांबून आवाज एकदम टेलिफोनसारखा झाला, तर घाबरू नका. गाण्याच्या वाटेवर माइकला परतीची सोय नाही. गाडीचा माइक हवा असेल तर फोनला संभाषणाची वाट उघडावीच लागते.

कॉल गाडीऐवजी बॅगेतल्या इअरबडवर जात असेल, तर आधी डबीचं झाकण नीट लागलंय का ते बघा. उघड्या डबीतले इअरबड फोनला जोडले जातात, आणि संभाषण सहसा एकाच उपकरणाकडे जातं. अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत प्रत्येक उपकरणाच्या नावाशेजारच्या चिन्हावर गेलात की कॉल आणि मीडिया अशी दोन वेगळी बटणं दिसतात. गाडीची दोन्ही चालू आहेत ना, हे तिथे तपासा.