आपण (मराठी सर्वनाम)

आपण हे मराठीतील सर्वनाम आहे. बोलणारा आणि ऐकणारा दोघांना मिळून ते वापरतात. समोरच्याला अदबीने संबोधण्यासाठी ‘तुम्ही’च्या जागीही तेच येते आणि ‘स्वतः’ या अर्थानेही तेच येते. रूप एकच असल्यामुळे वाक्यात नेमके कोण अभिप्रेत आहे हे बहुतेक वेळा क्रियापदावरून कळते. काही रचनांत मात्र क्रियापदही मदतीला येत नाही आणि मग सरळ विचारून घ्यावे लागते.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘आत्मन्’मध्ये असून तो प्राकृतातल्या ‘अप्पण’ अशा रूपांतून मराठीत आला. ‘स्वतः’ हा त्याचा मूळ अर्थ. संतवाङ्मयातले ‘आपणपे’ आणि आजच्या बोलण्यातले ‘आपणहून’, ‘आपोआप’, ‘आपापले’ हे शब्द त्याच घरचे. हिंदीतही याच मुळाचा ‘आप’ आदरार्थी ‘तुम्ही’ झाला, गुजरातीत ‘आपणे’ म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण सगळे, तर मराठीने दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले.

पहिल्या अर्थाची खरी ओळख ‘आम्ही’शेजारी ठेवल्यावर पटते. ‘आम्ही जेवायला चाललोय’ हे ऐकणाऱ्याला आमंत्रण नाही. त्याला वगळले आहे. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटले की तो त्यात आला. ऐकणाऱ्याला धरणारे आणि वगळणारे असे दोन ‘आम्ही’ तमिळ आणि तेलुगूतही आहेत. हिंदीत मात्र दोन्हींसाठी ‘हम’ एकच. म्हणून नव्याने मराठी शिकणारा हिंदीभाषक ‘आम्ही उद्या भेटू’ असे सहज म्हणून जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की भेटणारे दुसरेच कोणी आहेत. आदरार्थी ‘आपण’ची गत याच्या उलट. रोजच्या बोलण्यात आदरासाठी ‘तुम्ही’ पुरते. ‘आपण’ सभेत, पत्रव्यवहारात, नव्या व्याह्यांशी किंवा फार मोठ्या माणसाशी बोलताना येतो. हिंदी ‘आप’च्या सवयीने भाजीवाल्याला ‘आपण कुठे राहता?’ विचारले तर ते अदबीपेक्षा नाटकी वाटते.

अर्थ ओळखण्याची पहिली कसोटी क्रियापद. ‘आपण जातो, जाऊ, गेलो, आहोत’ असेल तर बोलणाराही त्यात आहे. ‘आपण जाता, जाल, गेलात, आहात’ असेल तर फक्त समोरची व्यक्ती. इथपर्यंत गोंधळ नाही. गोंधळ सुरू होतो तो सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात, कारण तिथे क्रियापद कर्त्याऐवजी कर्माप्रमाणे चालते. ‘आपण अर्ज केला’ या वाक्यात ‘केला’ अर्जाशी जुळतो. अर्ज कोणी केला हे त्यावरून कळत नाही. बोलीत ‘त’ जोडून सोय केलेली आहे: ‘आपण अर्ज केलात’, ‘आपण चूक केलीत’. असा ‘त’ असला की तो समोरच्याचाच, कारण बोलणाऱ्याला धरणाऱ्या ‘आपण’ला हा ‘त’ कधी लागत नाही. तो नसला तर मात्र काहीच ठरत नाही, कारण कार्यालयीन मराठीत तो सर्रास गाळतात. शिवाय प्रत्येक शेवटचा ‘त’ हा तो ‘त’ नव्हे. ‘आपण अर्ज केले आहेत’ यातला ‘आहेत’ अनेकवचनी अर्जांमुळे आला आहे.

‘-णार’ची रूपेही अशीच फसवी. ‘आपण शनिवारी किती वाजता निघणार?’ असा निरोप आला की पाठवणारा सोबत येणार की नुसती चौकशी करतो आहे, हे वाक्यातून कळत नाही. ‘आहोत’ किंवा ‘आहात’ जोडले की प्रश्न मिटतो, पण बोलताना तेच गाळले जातात. ‘आपल्याला’ आणि ‘आपले’ या रूपांवर तर पुरुषाची खूणच नसते. ‘आपणास’ मात्र पत्रात बहुधा ‘तुम्हाला’ याच अर्थी येते.

एक नमुना पाहू. गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर अशी सूचना लागली आहे असे धरा: ‘रविवारी सकाळी ९ वाजता टाकी धुण्याचे काम आहे. आपण आदल्या रात्री पाणी भरून ठेवावे. या कामासाठी आपण ठेकेदाराला ५,००० रुपये द्यायचे आहेत.’ पहिला ‘आपण’ उघडच सभासदांना उद्देशून आहे. सूचनेतला ‘ठेवावे’ ही विनंती आहे. दुसऱ्याचे काय? ‘आहेत’ रुपयांप्रमाणे चालतो, म्हणून त्याची साक्ष निरुपयोगी. वरच्या वाक्यातला अर्थ पुढे चालवला तर प्रत्येक सभासदाने ५,००० द्यायचे असे होते, आणि ‘आपण सगळे मिळून’ घेतले तर संस्थेच्या खात्यातून. इथे ‘आपण म्हणजे कोण?’ असे विचारणे भांडखोर वाटते. जिन्यात भेटल्यावर लोक विचारतात ते ‘म्हणजे प्रत्येकी का?’ किंवा ‘आमच्याकडून का संस्थेच्या खात्यातून?’ चिटणिसाने ‘हे पैसे संस्थेच्या खात्यातून देणार आहोत’ असे लिहिले असते तर दुसरा ‘आपण’ लागलाच नसता.

तिसरा, आत्मवाचक अर्थ वर्तमानपत्रांत रोज दिसतो. ‘आपण राजीनामा दिलेला नाही, असे मंत्र्यांनी स्पष्ट केले’ यात ‘आपण’ म्हणजे मंत्री स्वतः. वाचकाचा संबंध नाही. तोंडी निरोपात हाच अर्थ बाकी दोघांत मिसळतो. ‘काका म्हणाले, आपण उद्या येणार नाही’ हे वाक्य काका स्वतः येणार नाहीत, तुम्ही यायचे नाही किंवा कोणीच जायचे नाही, या तिन्ही अर्थांनी घेता येते. लिहिताना ‘आपण उद्या येणार नसल्याचे काकांनी सांगितले’ केले तर ओढा काकांकडे जातो, तरी पूर्ण खात्री नसतेच. ऐकणारा मग ‘काका येणार नाहीत का?’ असे नाव घेऊन विचारतो आणि ते सगळ्यांत सोपे. शालेय व्याकरणात आत्मवाचक ‘आपण’ वाक्याच्या आरंभी येत नाही असे शिकवतात, तेही ‘तो आपणहोऊन आला’ अशा उदाहरणाने. बातमीतले वाक्य मात्र ‘आपण’नेच सुरू होते, कारण तो मुळात ‘असे स्पष्ट केले’ या मोठ्या वाक्याच्या पोटातला असतो.

क्रियापदाची कसोटी व्याकरण सांगते, मनातले नाही. डॉक्टर ‘आता आपण ही गोळी दोन वेळा घेऊ’ म्हणतात तेव्हा रूप दोघांचे असते आणि गोळी एकट्या रुग्णाने घ्यायची असते. लहान मुलाला ‘आज आपण दूध प्यायलो नाही का?’ विचारणारी आजीही तेच करते. उलट मुंबईच्या गल्लीत ‘आपण नाय घाबरत’ म्हणणारा एकटाच असतो आणि तो स्वतःबद्दलच बोलत असतो.

जिथे अर्थ चुकणे परवडत नाही तिथे हे सर्वनाम टाळतात. खरेदीखतात आणि भाडेकरारात पक्षकारांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी नावे देऊन ती शेवटपर्यंत चालवतात. सभेच्या इतिवृत्तातही ‘आपण ठरवले’ असे न लिहिता ‘सर्वानुमते ठरले’ असे लिहितात.