किटलीचं आम्ल इस्त्रीला का चालत नाही: क्षार काढण्यामागची गोष्ट

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात इलेक्ट्रिक किटलीच्या तळाला महिनाभरात पांढरा थर धरतो आणि स्टीम इस्त्री कपड्यांवर पांढरे कण टाकू लागते. दोन्हींवर एकच इलाज सांगितला जातो: व्हिनेगर घाला, तापवा, ओतून द्या. किटलीसाठी हा सल्ला बहुतेक वेळा बरोबर असतो, इस्त्रीसाठी मात्र तो बहुतेक वेळा घातक ठरतो. क्षार दोन्हीकडे एकच असला तरी खालचा धातू वेगळा आहे, आणि तो वेगळा का झाला याला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

आधी थराबद्दल. जमिनीतून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथे चिकटून बसतं. ॲबर्डीनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी 1841 मध्ये असं पाणी चुना घालून मऊ करण्याचं पेटंट घेतलं. पाण्याचा जडपणा साबणाच्या फेसावरून मोजायची पद्धतही त्यांचीच. लंडनचं बरंचसं पाणी खडूच्या खडकातून येतं, त्यामुळे तिथल्या किटल्यांना हा थर पिढ्यान् पिढ्या माहीत होता. क्षार किटलीऐवजी आपल्यावर ओढून घेईल म्हणून लोक आत कालवाचा शिंपला किंवा काचेची गोटी टाकून ठेवत. वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरमध्ये थर घट्ट बसू नये म्हणून बटाटे टाकत. आम्ल घालायला कोणी सहसा धजावत नसे, कारण बॉयलर लोखंडाचा आणि घरची किटली कल्हई केलेल्या तांब्याची. आम्लाने थराबरोबर कल्हईही जाण्याची भीती होती.

आपल्याकडेही हेच होतं. तांब्या-पितळेचा बंब बाहेरून चिंचेने लखलखीत व्हायचा, पण आतला क्षार ठोकून, खरवडूनच काढत. ते योग्यच होतं. पितळ तांबं आणि जस्ताचं असतं, आणि आम्लात ते फार वेळ राहिलं की जस्त आधी विरघळतं. मागे लालसर, ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. पितळेवर असा गुलाबी डाग दिसला तर तो चकाकी नव्हे, झीज समजावी. तांब्याचं तसं नाही. हवा नसेल तर सौम्य आम्ल तांब्याला फारसं खात नाही, पण आम्ल आणि हवा एकत्र आली की पाणी निळं-हिरवं होतं. ते दिसलं की लगेच ओतून द्यावं.

विजेची किटली आली तेव्हा तापणारा भाग आधी तळाखाली, पाण्यापासून वेगळा असे. 1922 मध्ये बर्मिंगहॅमच्या बुलपिट अँड सन्स या कारखान्याने धातूच्या नळीत बंद केलेलं एलिमेंट थेट पाण्यात बसवलं. पाणी झटपट तापू लागलं, पण क्षाराला बसायला सगळ्यांत गरम जागा आयतीच मिळाली. थर उष्णता अडवतो, म्हणून नळी आत तापत राहते आणि शेवटी जळते. क्षार काढणं आता नुसतं स्वच्छतेचं काम राहिलं नाही, किटली जगवण्याचं झालं. या नळ्या बहुधा तांब्याच्या आणि वर निकेलचा मुलामा दिलेल्या असत. आम्लाने थर निघाला की निकेल उघडं पडतं आणि पुढच्या एक-दोन उकळ्यांत त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. क्षार काढल्यावर साधं पाणी दोनदा उकळून फेकायचा नियम नुसता आंबट वास घालवण्यापुरता नाही, त्यामागे हेही कारण आहे.

आता आम्लांकडे. व्हिनेगर घरात होतंच, म्हणून ते आधी वापरात आलं. लिंबूसत्त्वाची, म्हणजे सायट्रिक ॲसिडची कथा मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ते वापरताना होणारी नेहमीची चूक त्याच्या जन्मकथेतच दिसते. स्वीडिश रसायनज्ञ कार्ल शील यांनी 1784 मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळं केलं. त्यांनी रसात खडू घातला, तेव्हा कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका खाली बसला. तो वेगळा काढून त्यावर सल्फ्युरिक ॲसिड टाकल्यावर शुद्ध स्फटिक मिळाले. एकोणिसाव्या शतकात सिसिलीतले लिंबूवाले याच रीतीने रस आणि चुना एकत्र करून सायट्रेट बनवत आणि जहाजांतून बाहेर पाठवत. सायट्रेट गार पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून साका रस तापवून पाडत. पुढे 1917 मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक ॲसिड बनवते असं दाखवून दिलं, आणि 1919 मध्ये फायझरने ब्रुकलिनमध्ये त्याचं उत्पादन सुरू केलं. लिंबाच्या बागांवरची मदार संपली आणि हे आम्ल स्वस्त झालं. आज खमण ढोकळ्यासाठी किराणा दुकानातून आणतो ते लिंबूसत्त्व याच रीतीने तयार होतं.

सिसिलीतली ती कृती नको असताना आपल्या किटलीत घडते. लिंबूसत्त्व घालून पाणी खळखळ उकळलं, की सुटलेलं कॅल्शियम आम्लाशी जुळून पुन्हा सायट्रेटच्या रूपात तळाशी बसतं. थर गेला खरा, पण त्या जागी पांढरी बारीक भुकटी आली, आणि आम्ल घातलं तरी तिला बुडबुडे येत नाहीत. लोकांना वाटतं औषध चाललं नाही, म्हणून ते अजून उकळतात. करायचं ते उलट असतं. पाणी हाताला चटका बसेल इतकं गरम करून स्विच बंद करावा आणि मगच पूड घालावी. व्हिनेगरची ही अडचण नाही, कारण कॅल्शियम ॲसिटेट सहज विरघळतं. त्याला वास येतो आणि ते लागतंही जास्त, एवढंच.

किती लागतं, ते एका उदाहरणावरून पाहू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतो. समजा, उकळून खाली बसणारा जडपणा 250 आहे, किटलीत रोज 3 लिटर पाणी उकळतं आणि त्यातला निम्मा क्षार चिकटतो. महिन्याला साधारण 11 ग्रॅम थर होतो. त्याला हिशेबाने 14 ग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा 5 टक्के व्हिनेगर 260 मिलिलिटर पुरावं. पण जेमतेम पुरेल एवढंच आम्ल घातलं की शेवटी काम रेंगाळतं आणि सायट्रेट बसण्याचीही शक्यता वाढते. म्हणून दुप्पट घ्यावं: एक लिटर गरम पाण्यात 30 ग्रॅम, म्हणजे दोन भरलेले मोठे चमचे. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, ठेवून ओतून द्यावं. नुकत्याच उकळलेल्या पाण्यात पूड टाकू नये, फेस वर येऊन बाहेर सांडतो. बुडबुडे मुळातच आले नाहीत तर थर कार्बोनेटचा नाही. जिप्सम किंवा सिलिका असेल तर घरगुती आम्लाचा उपयोग नाही.

बाजारातल्या डिस्केलरची पार्श्वभूमी वेगळी आहे. पोलाद साफ करताना आम्लाने गंज जावा पण लोखंड वाचावं, यासाठी धातूच्या पृष्ठभागाला चिकटून आम्ल अडवणारी द्रव्ये शोधली गेली. 1932 मध्ये मिशिगनच्या तेलविहिरीत चुनखडी विरघळवायला डाऊ कंपनीने हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं, तेव्हा पोलादी नळ्या वाचवण्यासाठी त्यात आर्सेनिक मिसळलं होतं. ते घरात आणण्यासारखं नव्हतं, पण बेत तोच राहिला: आम्ल आणि सोबत धातूचा रखवालदार. नंतर सल्फॅमिक ॲसिड आलं. ते पूड स्वरूपात मिळतं, वास नसतो आणि चुन्यावर जोरात चालतं. जस्ताच्या मुलाम्याला मात्र ते लवकर खातं. बाथरूमच्या फरशीसाठी मिळणारं ‘ॲसिड’ हायड्रोक्लोरिक असतं. ते किटलीत कधीही घालू नये, कारण त्यातलं क्लोराइड स्टीललाही टाचणीएवढी भोकं पाडतं. आजच्या किटलीत स्टीलच्या तळाखाली वीज असते, आणि आरपार गेलेलं भोक म्हणजे विजेच्या जोडणीवर पाणी. कुठलंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळू नये, क्लोरीन वायू सुटतो.

स्टेनलेस स्टीलने हा प्रश्न बराच सोपा केला. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियमचं पोलाद ओतलं, पण किटल्यांमध्ये स्टील रूढ व्हायला काही दशकं गेली. त्यावरची क्रोमियम ऑक्साइडची पातळ साय सायट्रिक ॲसिडमध्ये टिकते. उलट कारखान्यांत स्टीलच्या भागांवर ही साय नीट बसावी म्हणून सायट्रिक ॲसिडच वापरलं जातं. ॲल्युमिनियमची साय वेगळी आहे. ती साधारण 4 ते 8.5 या पीएचमध्येच टिकते, आणि सायट्रिक ॲसिडचं द्रावण 2 च्या आसपास असतं. चहाच्या गाड्यावरच्या जर्मनच्या किटलीत आम्ल घातलं की आतून ती लख्ख होते. जड पाण्याने काळवंडलेला वरचा पापुद्रा निघाल्याची ती लक्षणं असतात. थर संपल्यावरही बारीक बुडबुडे येत राहिले तर ते हायड्रोजनचे, म्हणजे आता धातू विरघळतो आहे.

इस्त्री अजूनही याच धातूची आहे. पहिली विजेची स्टीम इस्त्री 1926 मध्ये न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आली. पुढे वाफेचा कक्ष ओतीव ॲल्युमिनियमचा झाला, कारण ते हलकं असतं आणि उष्णता पटकन पसरवतं. कक्षाच्या आत एक पातळ लेप असतो. तापलेल्या उघड्या धातूवर थेंब नाचत राहतो, तर या लेपावर पसरून लगेच वाफ होतो. आम्ल आत गेलं की तापलेल्या कक्षात ते सुकून आणखी तीव्र होतं, लेप खातं आणि मग ॲल्युमिनियम खातं. दोन-चार महिन्यांनी इस्त्री वाफेऐवजी पाणी थुंकू लागते आणि कपड्यावर राखाडी डाग पडतात. लोक त्याला क्षारच समजून पुन्हा व्हिनेगर घालतात. ही चूक फार महागात पडते, कारण गेलेला लेप घरी परत बसवता येत नाही.

म्हणून इस्त्रीला आम्ल फक्त तिच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तरच, आणि तेही सांगितलेल्या भागालाच. काही इस्त्र्यांत क्षार पकडणारी काडी बाहेर निघते. ती व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून धुता येते, बाकी कक्षाला हात लावायचा नाही. सेल्फ-क्लीन बटण असेल तर टाकी भरून इस्त्री पूर्ण तापवावी, प्लग काढावा, मोरीवर आडवी धरून बटण दाबून धरावं आणि हलकेच हलवावं. गरम पाणी आणि वाफेच्या झोतासरशी सुटे कण बाहेर पडतात. जड पाण्याच्या गावात हे महिन्यातून दोनदा केलं तर थर घट्ट बसत नाही. पुस्तिका परवानगी देत असेल तर बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर नळाच्या पाण्यात निम्मं मिसळावं. एसीच्या नळीतलं पाणी मात्र घालू नये, कारण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातूचे कण उतरलेले असतात.