समभागधारक करारातील पुट आणि कॉल ऑप्शन

ठरलेल्या मुदतीनंतर आपले शेअर समोरच्याला घ्यायला लावण्याचा हक्क म्हणजे पुट ऑप्शन. समोरच्याचे शेअर आपल्याला विकायला लावण्याचा हक्क म्हणजे कॉल ऑप्शन. शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीत बाहेर पडायचा दुसरा रस्ता सहसा नसतो, म्हणून गुंतवणूकदार पुटचा आग्रह धरतो.

वाळूज एमआयडीसीतला वाहनांचे सुटे भाग करणारा एक काल्पनिक कारखाना घ्या. गुंतवणूकदाराने २० टक्के शेअरसाठी ३ कोटी रुपये घातले. पाच वर्षांनी प्रवर्तकाने ते शेअर घ्यायचे, भाव बाजारमूल्य किंवा १२ टक्के चक्रवाढीने होणारी रक्कम, यांपैकी जास्त असेल तो. पाच वर्षांनी चक्रवाढीने ५.२९ कोटी होतात. मूल्यांकनात मात्र शेअर ३.६० कोटींचेच निघतात. प्रवर्तक म्हणतो, कलमच बेकायदेशीर आहे.

हा बचाव पूर्वी जोरात चालायचा, कारण रोखे करार नियमन कायद्यानुसार भविष्यातल्या अशा सौद्यांवर निर्बंध होते. सेबीच्या ऑक्टोबर २०१३ च्या अधिसूचनेने समभागधारक करारातले पुट-कॉल मान्य केले. विकणाऱ्याने शेअर किमान एक वर्ष सलग धारण केलेले असावेत, व्यवहार प्रत्यक्ष शेअर देऊन पुरा व्हावा, भाव कायद्यात बसावा, या तिच्या अटी. प्रायव्हेट कंपनीच्या शेअरला त्या लागू होतात का, यावर वकिलांत वाद आहे. तरी मसुद्यात त्या पाळलेल्याच बऱ्या. २०१९ मध्ये एडेलवाईस विरुद्ध पर्सेप्ट प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले, की खरेदीचा करार पुट वापरल्यावरच जन्माला येतो. तोवर तो फक्त पर्याय असतो.

गुंतवणूकदार परदेशी असेल तर हिशेब बदलतो. परकीय चलन नियमांनुसार त्याला हमीचा परतावा देता येत नाही, म्हणून नियमित खरेदीत ३.६० कोटींच्या वर जाता येत नाही. टाटा टेलिसर्व्हिसेसमधल्या शेअरच्या अशाच हक्कावरून जपानच्या डोकोमो कंपनीने टाटा सन्सविरुद्ध १.१७ अब्ज डॉलरचा लवाद निवाडा मिळवला, आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो भारतात अंमलात आणायला मान्यता दिली. पण ती रक्कम करारभंगाची नुकसानभरपाई होती, शेअरची किंमत नव्हे.

‘कंपनीच शेअर परत घेईल’ असे लिहिणे ही सर्वांत महागडी चूक. तसे करणे म्हणजे बायबॅक, आणि त्याला कंपनी कायद्याची मर्यादा आहे. पुट प्रवर्तकाच्या अंगावरच हवे, आणि कंपनीच्या नियमावलीत त्याची नोंद हवी. नाहीतर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या रंगराज निकालावर बोट ठेवून कंपनी हस्तांतरणावरची बंधने मानायला नकार देऊ शकते.

पुढचा प्रश्न वसुलीचा. लवादाने शेअर घेण्याचा हुकूम दिला तर प्रवर्तकाला ५.२९ कोटी मोजावे लागतात. नुसती भरपाई दिली आणि शेअर गुंतवणूकदाराकडेच राहिले, तर मागणी फरकाची, साधारण १.६९ कोटींची. वाळूजचा प्लॉट एमआयडीसीच्या भाडेपट्ट्याने कंपनीच्या नावावर असतो, प्रवर्तकाच्या नव्हे, त्यामुळे त्याच्या वैयक्तिक देण्यासाठी तो जप्त होत नाही. म्हणून सही करण्याआधीच त्याच्या नावावरच्या घराची कागदपत्रे, शेतीचे सातबारे आणि बँकेकडे गहाण असलेले शेअर तपासावे लागतात.