छज्जा सगळीकडे दोन फुटांचाच का?

आमच्या पुण्याच्या घरातील पश्चिमेकडच्या खोलीला काही वर्षांपूर्वी मी खिडकीबाहेर उभ्या पट्ट्या बसवून घेतल्या. त्या 30 सेंटिमीटर खोल होत्या, भिंतीशी काटकोनात होत्या आणि दोन पट्ट्यांमध्ये 45 सेंटिमीटर अंतर होते. काम करून देणाऱ्याने सांगितलेला नियम जवळजवळ प्रत्येक वास्तुरचनाकाराच्या तोंडी असतो: दक्षिणेला आडवा छज्जा, पूर्व-पश्चिमेला उभ्या पट्ट्या. एप्रिलच्या मध्यात दुपारी साडेचारच्या सुमारास खोलीत गेलो, तेव्हा फरशीवर उन्हाचे भलेमोठे चौकोन पडलेले होते आणि त्यांच्यामध्ये पट्ट्यांच्या सावल्या होत्या त्या पट्ट्यांच्या जाडीएवढ्याच, म्हणजे जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर रुंद. तीस सेंटिमीटरची खोली वाया गेली होती. नियम चुकीचा नव्हता, पण अर्धाच सांगितला गेला होता, आणि उरलेला अर्धा समजण्यासाठी सूर्य कोणत्या भिंतीकडे कसा पाहतो हे आधी समजून घ्यावे लागते.

सुरुवात दक्षिणेपासून करू, कारण तिथली भूमिती फार देखणी आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो, बरोबर पश्चिमेला मावळतो, आणि मध्यान्ही दक्षिणेकडे साडेएकाहत्तर अंश उंचीवर असतो. या दिवसाचा त्याचा सगळा मार्ग एका सपाट, कललेल्या पातळीत असतो आणि ती पातळी क्षितिजाला पूर्व-पश्चिम रेषेवर मिळते. पेटीचे झाकण जसे बिजागरीच्या रेषेवर उघडते, तशी ही पातळी पूर्व-पश्चिम बिजागरीवर साडेएकाहत्तर अंश उघडलेली आहे असे समजा. आता दक्षिणेकडच्या भिंतीवरील छज्जाची कडही पूर्व-पश्चिमच असते, म्हणजे बिजागरीला समांतर. त्यामुळे सूर्य झाकणावर कुठेही असो, सकाळी आठला असो वा दुपारी चारला, छज्जाच्या कडेची सावली भिंतीवर त्याच एका उंचीवर पडते. सूर्य खाली येतो तसा तो बाजूलाही सरकतो आणि या दोन हालचाली एकमेकींना तंतोतंत फेडतात. ज्यांच्या घराची भिंत नेमकी दक्षिणेकडे आहे, त्यांनी येत्या विषुवदिनी छज्जाखाली खडूने एक रेघ ओढून ठेवावी. सावली दिवसभर त्या रेघेवरून डावीकडून उजवीकडे सरकेल, पण तिची खालची कड रेघ सोडणार नाही.

म्हणूनच दक्षिणेचा हिशेब सोपा आहे. साडेएकाहत्तर अंशांवर 40 सेंटिमीटर छज्जाची सावली 120 सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे चार फुटी खिडकी विषुवदिनी दिवसभर झाकली जाते. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य या पातळीच्या उत्तरेला असतो आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर मध्यान्हीही तो आपल्या डोक्याच्या उत्तरेकडे गेलेला असतो, त्यामुळे या काळात दक्षिणेची खिडकी आपोआप वाचते. प्रश्न उरतो तो ऑक्टोबरच्या उकाड्याचा. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तीच खिडकी मध्यान्ही पूर्ण सावलीत हवी असेल, तर छज्जा 60 सेंटिमीटरचा हवा. दुपारी तीनच्या सूर्याला मात्र तळाशी 15 सेंटिमीटरची पट्टी मिळेल, आणि तेवढे सोसायला हरकत नसावी. हाच छज्जा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मध्यान्ही केवळ 67 सेंटिमीटर सावली देतो आणि खिडकीच्या खालच्या जवळजवळ निम्म्या भागातून ऊन आत येऊ देतो. दोन फुटांचा छज्जा आपल्याकडे प्रामुख्याने पावसासाठी रूढ झाला, पण पुण्यात दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला तो नेमका लागू पडतो.

येथे एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. छज्जा खिडकीएवढाच रुंद ठेवला, तर दुपारचे तिरके ऊन त्याच्या टोकाखालून आत शिरते आणि खिडकीवर उन्हाचा एक त्रिकोण उरतो. विषुवदिनी सौर तीन वाजता, म्हणजे सूर्याच्या मध्यान्हीनंतर तीन तासांनी, छज्जाच्या टोकाची सावली 120 सेंटिमीटर खाली उतरेपर्यंत सव्वा मीटर बाजूला सरकलेली असते. छज्जा दोन्हीकडे इतका लांबवणे शक्य नसते, म्हणून खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभी पट्टी द्यावी. या वेळी सूर्य दक्षिणेच्या भिंतीकडे अगदी बाजूने पाहत असतो, त्यामुळे 40 सेंटिमीटरची पट्टीही सव्वा मीटर रुंदीला सावली देते. उभी पट्टी भिंतीशी काटकोनात असताना खरोखर कामी येते ती येथे.

आता पश्चिमेकडे वळू. येथे झाकणाची बिजागरी भिंतीला समांतर नाही, तर तिला काटकोनात आहे, त्यामुळे सूर्य खाली येण्याची भरपाई कोणीच करत नाही. एप्रिलच्या मध्यात सौर चार वाजता 60 सेंटिमीटर छज्जाची सावली फक्त 37 सेंटिमीटर उतरते, आणि पाच वाजता 19. विषुवदिनी पाच वाजता संपूर्ण चार फुटी खिडकी झाकायची झाली, तर छज्जा पावणेपाच मीटर बाहेर यावा लागेल. तो छज्जा राहणार नाही, मंडप होईल. येथे ‘सौर’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि पुणे चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास, म्हणून पुण्याचा सूर्य घड्याळाच्या सुमारे 35 मिनिटे मागे असतो, आणि मार्चमध्ये त्याहूनही थोडा अधिक. घड्याळातील चार वाजता काढलेला हिशेब सौर साडेतीनच्या बऱ्यापैकी उंच सूर्याचा असतो, आणि छज्जा आखूड राहून जाण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

छज्जा हरला म्हणून उभ्या पट्ट्या, असा नियमाचा युक्तिवाद आहे. पण काटकोनातील पट्टी सावली देते ती बाजूने येणाऱ्या उन्हाला, आणि आपल्या अक्षांशावर उन्हाळ्याच्या दुपारी पश्चिमेचे ऊन बाजूने येतच नाही. एप्रिलच्या मध्यात पुण्यात घड्याळाच्या सुमारे 3:35 पासून 5:35 पर्यंत, म्हणजे पूर्ण दोन तास, सूर्य पश्चिम दिशेपासून पाच अंशांच्या आतच असतो. साडेचारच्या सुमारास तर तो नेमका भिंतीच्या समोर उभा असतो. माझ्या 30 सेंटिमीटर पट्टीची सावली या दोन तासांत तिच्या जाडीखेरीज अडीच सेंटिमीटरच्या पुढे जाऊच शकत नव्हती. उलट डिसेंबरमध्ये सौर चारच्या सुमारास सूर्य पश्चिमेपासून तेहतीस अंश दक्षिणेला असतो, आणि तेव्हा तीच पट्टी वीस सेंटिमीटर सावली देते. थोडक्यात, मी पैसे मोजून थंडीतील ऊन अडवले होते आणि वैशाखातील आत घेतले होते.

यावर उपाय पट्टी तिरकी करण्याचा आहे. पट्टीची बाहेरची कड उत्तरेकडे 45 अंश झुकवली, की समोरून येणाऱ्या उन्हाला ती आपली रुंद बाजू दाखवते. 20 सेंटिमीटरची पट्टी अशी फिरवल्यावर भिंतीपासून 14 सेंटिमीटरच बाहेर येते, पण एप्रिलमधील समोरच्या सूर्याला ती 14 सेंटिमीटर रुंद सावली देते. मेच्या मध्यात सौर पाच वाजता सूर्य पश्चिमेपासून सुमारे चौदा अंश उत्तरेला सरकलेला असतो आणि फटींच्या दिशेने थोडा अधिक डोकावतो. तेव्हा ही सावली साडेदहा सेंटिमीटरपर्यंत घटते, म्हणून पट्ट्यांमधील अंतर 10 सेंटिमीटर ठेवावे. जूनमध्ये सूर्य आणखी उत्तरेला जातो, पण तोवर ढग आलेले असतात. कड दक्षिणेकडे झुकवली तर मेमधील सावली आणखी चांगली मिळते, मात्र मार्च आणि ऑक्टोबरचे ऊन फटींतून अधिक शिरते आणि नैर्ऋत्येचा पाऊसही सरळ आत येतो. पुण्यासाठी म्हणून मी उत्तरेकडचा झुकाव पसंत केला. त्याची किंमतही आहे: नैर्ऋत्येची झुळूक अडते आणि समोरचे दृश्य उरत नाही, उत्तरेकडचे तेवढे तिरके दिसते.

अहमदाबादमध्ये वास्तुरचनाकार ल कॉर्ब्युझिए यांनी 1954 साली पूर्ण केलेली मिल ओनर्स असोसिएशनची इमारत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तिच्या पश्चिमेच्या, रस्त्याकडील दर्शनी भागावरील काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरक्या आहेत, आणि पूर्वेच्या, साबरमतीकडील पट्ट्या सरळ आहेत. आजकाल मात्र इमारतीच्या चारही बाजूंना एकसारख्या धातूच्या पट्ट्या ठोकून त्याला ‘ऊर्जाबचतीचे दर्शनी रूप’ म्हटले जाते. सूर्याला त्या जाहिरातीची कल्पना नसते. पश्चिमेची खोली तापते म्हणून घराला दिशादोष ठरवून दाराजवळ पिरॅमिड टांगणाऱ्यांविषयी वेगळे काही लिहीत नाही.

पूर्वेची भूमिती पश्चिमेचीच, फक्त आरशातली. तरीही मापे तीच नकोत, कारण सकाळी हवा गार असते, भिंती रात्रभर निवलेल्या असतात, आणि आठचे ऊन जेवढे सुसह्य असते तेवढे पाचचे नसते. पूर्वेला मी सौर दहानंतरची सावली पुरेशी मानतो. विषुवदिनी तेव्हापासून चार फुटी खिडकी झाकण्यासाठी 75 सेंटिमीटर छज्जा लागतो, म्हणजे दक्षिणेपेक्षा अधिक. तो जड वाटला, तर खिडकीच्या मध्यावर दुसरा आडवा छज्जा देऊन दोन्हींची खोली 40 सेंटिमीटरवर आणता येते, कारण झाकायची उंची निम्मी झाली की लागणारी खोलीही निम्मी होते. दहाच्या आधीच्या उन्हाला खिडकीबाहेरचा बांबूचा चिक पुरतो. तो बाहेरच हवा. काचेच्या आतला पडदा ऊन पिऊन स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो.

ही सगळी मापे पुण्याची आहेत, आणि तीही भिंत नेमक्या दिशेला असेल तेव्हाची. भिंत पंधरा-वीस अंश वळलेली असेल तर कोष्टक मांडत बसण्यापेक्षा पुठ्ठा हाती घ्यावा. 10 सेंटिमीटर खोलीचा पुठ्ठा खिडकीच्या वर भिंतीला आडवा, काटकोनात धरा आणि ज्या वेळी ऊन नको असते त्या वेळी त्याची सावली किती खाली उतरते ते मोजा. खिडकीची उंची गुणिले दहा, भागिले ती सावली, हे झाले छज्जाचे माप. सावली 20 सेंटिमीटर उतरली तर चार फुटी खिडकीला 60 सेंटिमीटर छज्जा पुरेल. ती साडेपाचच भरली, तर उत्तर दोन मीटरच्या पुढे जाईल, आणि मग तोच पुठ्ठा उभा धरून सावली बाजूला किती सरकते ते पाहावे. ती जाडीपुरतीच राहिली, तर पुठ्ठा हळूहळू तिरका करत जावे.

मी माझ्या पट्ट्या शेवटी उतरवल्या. प्रत्येक पट्टी उभी चिरून 20 आणि 10 सेंटिमीटरचे दोन भाग केले. रुंद भाग तिरके बसवताना दहा सेंटिमीटरच्या अंतराला ते पुरले नाहीत, म्हणून नवीन घ्यावे लागले. उरलेले अरुंद तुकडे अजून गच्चीवर पडून आहेत.