पेंडीची पोती किती मागवायची आणि कधी

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पुस्तकातलं साठ्याचं प्रकरण परीक्षेच्या आदल्या रात्री एका पानावर उतरतं. सूत्रं उतरतात, पण ती कोणत्या अटींवर उभी आहेत हे पुस्तकातच राहून जातं. माझ्या मते त्या पानावर आधी अटी लिहाव्यात. अट लक्षात असली तर सूत्र पुन्हा मांडून काढता येतं; नुसतं सूत्र पाठ असेल तर ते नको तिथे वापरलं जातं.

समजा, जिंतूरला पशुखाद्याचं एक दुकान आहे. सरकी पेंडीची रोज साधारण 5 पोती जातात, म्हणजे 360 दिवसांच्या हिशेबाने वर्षाला 1,800. पोतं 50 किलोचं, खरेदी 1,800 रुपयांची. माल परभणीकडच्या तेल गिरणीतून येतो आणि प्रत्येक खेपेला टेम्पोचं भाडं धरून 2,250 रुपये लागतात. हमाली यात धरायची नाही. ती पोत्यामागे द्यावी लागते, त्यामुळे वर्षाची 1,800 पोती एका खेपेत आणली काय किंवा बारा खेपांत, हमाली तेवढीच. खेपेच्या खर्चात फक्त तेच पैसे धरायचे, जे पोती वाढली तरी वाढत नाहीत. हिशेब चुकतो तो बहुतेक इथेच.

दुसरा खर्च माल पडून राहण्याचा. पोत्यात अडकलेल्या पैशाचं व्याज 12 टक्के धरलं तर 216 रुपये होतात. गोदामाचं भाडं, उंदीर, ओल यांचे 144 धरू. म्हणजे एक पोतं वर्षभर ठेवायला 360 रुपये.

आता एका खेपेला Q पोती आणली तर वर्षात D/Q खेपा होतात. गोदामात सरासरी Q/2 पोती असतात, कारण थप्पी Q वरून रोज सारखी उतरत शून्याला येते आणि त्याच दिवशी पुढचा माल पडतो. थोड्या पोत्यांच्या खेपा केल्या की भाडं वाढतं, जास्त पोती आणली की ठेवण्याचा खर्च वाढतो. दोन्ही खर्च सारखे होतात तिथे बेरीज सर्वात कमी येते, आणि तिथूनच हे निघतं:

```
Q = √(2DS/H)
```

D वर्षाची मागणी, S एका खेपेचा खर्च, H एक पोतं वर्षभर ठेवण्याचा खर्च. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने हे 1913 साली मांडलं. आपले आकडे घातले तर Q येतो 150 पोती, म्हणजे महिन्याला एक खेप. वर्षाचं भाडं 12 × 2,250 म्हणजे 27,000 आणि ठेवण्याचा खर्च 75 × 360, तोही 27,000. एकूण 54,000 रुपये.

यामागच्या अटी पाहा. मागणी वर्षभर सारखी हवी, सगळा माल एकदम यायला हवा, कितीही घेतला तरी भाव तोच आणि खेपेचा खर्चही तोच. यातली शेवटची अट पहिल्यांदा मोडते, कारण टेम्पोला माप असतं. टेम्पोत 120 पोतीच बसत असतील तर? वर्षाला 15 खेपा होतात, भाडं 33,750, ठेवण्याचा खर्च 21,600, एकूण 55,350. म्हणजे उत्तरापासून तीस पोती दूर जाऊनही वर्षाला फक्त 1,350 रुपये जास्त. या सूत्राचा हा गुण सूत्राइतकाच मोलाचा आहे: तळाशी खर्चाची रेघ जवळजवळ सपाट असते. म्हणून S आणि H अंदाजाने धरले तरी चालतं, आणि उत्तर 147 आलं की 148 यावर डोकं खपवू नये.

भाव बदलला की गणित पुन्हा मांडावं लागतं. गिरणीवाला म्हणाला, 300 पोती घ्या, पोत्यामागे 20 रुपये कमी करतो. वर्षाला 36,000 वाचतात. पण खेपेला टेम्पो दोनच काय, तीन लागतील. सहा खेपांचं भाडं 40,500, ठेवण्याचा खर्च 54,000, बेरीज 94,500. 120 पोत्यांच्या खेपेपेक्षा हा खर्च 39,150 ने जास्त, म्हणजे सवलत घेऊन तोटा. 240 पोत्यांवर तोच भाव मिळाला तर दोन भरलेले टेम्पो पुरतात: भाडं 33,750, ठेवण्याचा खर्च 43,200. जास्तीचा खर्च 21,600, आणि मग सवलत घ्यावी. फक्त पावसाळ्यात नाही. ओलीने पेंडीला बुरशी धरते, तिचं विष जनावराच्या दुधात उतरतं, आणि तेव्हा H 360 राहत नाही.

किती हे झालं. कधी मागवायचं, याचं सूत्र अगदी साधं दिसतं: रोजचा खप गुणिले माल यायला लागणारे दिवस. फोन केल्यापासून चार दिवस लागत असतील तर थप्पीत 20 पोती उरली की फोन करायचा. पण इथे अट अशी, की खप रोज पाचच आणि दिवस नेमके चारच. तसं होत नाही, म्हणून वर थोडा राखीव साठा लागतो:

```
राखीव = z × σ × √L
```

σ म्हणजे रोजचा खप सरासरीच्या किती मागेपुढे होतो ते. तो 2 पोती धरू. L चार दिवस. z म्हणजे माल न संपण्याची किती खात्री हवी त्याचा आकडा; तो 1.65 घेतला तर 20 पैकी 19 खेपांत माल संपण्याआधी नवा येतो. राखीव होतात 6.6, म्हणजे 7 पोती. फोन 27 वर करायचा.

आता गिरणीचा भरवसा नाही, चार दिवस सांगून कधी दोन दिवसांत माल येतो, कधी सहा, असं धरा. दिवसांची मागेपुढे 2 असेल तर सूत्र असं होतं:

```
राखीव = z × √(L×σ² + d²×σL²)
```

इथे d रोजचा खप आणि σL दिवसांची मागेपुढे. मुळाखाली 16 अधिक 100. त्या शंभराकडे लक्ष द्या: गिऱ्हाइकाच्या लहरीपेक्षा गिरणीच्या दिरंगाईचा वाटा सहापट आहे. राखीव साठा 7 वरून 18 पोत्यांवर जातो आणि फोन 38 वर करावा लागतो. माल कमी पडला की दुकानदार विक्रीच्या वहीत कारण शोधतो. आधी माल कधी सांगितला आणि कधी उतरला या तारखा तपासाव्यात.

√L मागेही एक अट लपलेली आहे: आजच्या खपाचा उद्याच्या खपाशी संबंध नसावा. पाऊस ताणला आणि रानात चारा उरला नाही की ही अट मोडते. मग पेंड रोजच जास्त जाते, कमी-जास्तीची वजाबाकी होत नाही, आणि 7 पोत्यांचा आधार दोन दिवसांत संपतो. अशा वेळी σ नव्हे, d च बदलून धरावा.

याच दुकानात मृगाच्या तोंडावर सोयाबीनचं बियाणं ठेवलं, तर वरचं एकही सूत्र लावू नये. मागणी दोन-चार आठवड्यांची, पुन्हा मागवायला वेळ नाही, आणि सोयाबीनची उगवणशक्ती लवकर घटत असल्याने उरलेली बॅग पुढच्या हंगामाच्या भरवशावर ठेवता येत नाही. तिथे एकच तुलना करायची: बॅग कमी पडली तर बुडणारा नफा आणि उरली तर होणारा तोटा. नफा 300 आणि तोटा 600 असेल तर 300 भागिले 900, म्हणजे एक तृतीयांश. मागणी ज्या आकड्याच्या आत राहण्याची शक्यता तीनात एक आहे, तेवढ्याच बॅगा घ्यायच्या. हा आकडा नेहमीच्या खपापेक्षा कमी निघतो, म्हणजे बहुतेक वर्षी बियाणं संपून गिऱ्हाईक परत जाणार हे धरूनच माल भरायचा. कंपनी उरलेल्या बॅगा परत घेत असेल तर तोटा 600 वरून 100 वर येतो, गुणोत्तर तीन चतुर्थांश होतं, आणि मग माल हात राखून नव्हे, सढळ भरायचा.