‘काम शोधत होता का?’ : बेरोजगारीच्या आकड्यामागचा प्रश्न

समजा, एका वाडीत काम करण्याच्या वयाची १०० माणसं आहेत. ५४ जणांना काम आहे, ६ जण काम शोधताहेत. उरलेली ४० म्हणजे शिकणारी पोरं, थकलेली माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका. बेरोजगारीचा दर काढताना ६ ला १०० ने भागत नाहीत. काम करणारे ५४ आणि शोधणारे ६ अशा ६० जणांनाच ‘श्रमशक्ती’ म्हणतात आणि भागायचं ते या ६० ने. म्हणजे दर झाला १० टक्के.

पुढच्या वर्षी त्या सहांपैकी तिघं कंटाळले. तालुक्याच्या खेपा बंद केल्या, घरी बसले. आता शोधणारे ३ आणि श्रमशक्ती ५७. दर आला सव्वापाच टक्क्यांवर. नवी नोकरी कुणालाच लागलेली नाही, तरी आकडा जवळजवळ निम्मा झाला. गणितात चूक नाही. खरा प्रश्न असा की, बेरोजगार ठरायला ‘शोधत असणं’ हवं ही अट आली कुठून.

ती अमेरिकेतून आली, आणि जन्मापासूनच संशय घेऊन आली. १८७३ च्या मंदीनंतर मॅसॅच्युसेट्स राज्यात लाखो लोक बेकार असल्याची चर्चा होती. तिथल्या कामगार सांख्यिकी खात्याचे प्रमुख कॅरोल राइट यांनी १८७८ मध्ये गावोगावच्या अधिकाऱ्यांकडून मोजणी करून घेतली. मोजायचे होते १८ वर्षांवरचे धडधाकट पुरुष, आणि तेही ज्यांना ‘खरोखर’ काम हवं आहे असेच. आकडा आला तीस हजारांच्या आत. बायका आणि पोरं मोजणीत नव्हतीच, आणि ‘खरोखर’ या एका शब्दाने आणखी किती गळाले ते कोण सांगणार?

१९३० च्या महामंदीत ही उणीव फार बोचली. तोवरच्या अमेरिकी जनगणनेत माणसाचा धंदा विचारत. तो सुतार म्हणाला की सुतार, मग हातात काम असो वा नसो. त्यामुळे बेकार नेमके किती यावर अर्थतज्ज्ञांच्या अंदाजांत लाखालाखांचा फरक पडे. १९४० मध्ये तिथे दर महिन्याची घरोघर पाहणी सुरू झाली आणि प्रश्न बदलला. धंदा कोणता हे बाजूला राहिलं. ठरावीक आठवड्यात काय केलं, काम केलं की काम शोधलं, एवढंच विचारायचं. आजही जगभर बहुतेक ठिकाणी हाच साचा आहे. पण त्या पहिल्या साच्यात एक खिडकी उघडी होती. ‘आमच्या भागात काम नाहीच, म्हणून शोधलं नाही’ असं कुणी आपणहून सांगितलं, तर त्याला बेरोजगारच धरत.

ही खिडकी १९६७ मध्ये बंद झाली. त्यामागे १९६१ चा वाद होता. सरकार बेरोजगारी फुगवून दाखवतं असा आरोप एका लोकप्रिय मासिकाने केला. अध्यक्ष केनेडींनी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट गॉर्डन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने आरोप फेटाळला, पण व्याख्या कडक करायला सांगितली. त्यानुसार जानेवारी १९६७ पासून, गेल्या चार आठवड्यांत काम मिळवण्यासाठी काहीतरी नेमकं केलेलं असेल, अर्ज टाकला असेल, कुणाला जाऊन भेटला असेल, तरच बेरोजगार. बाकीचे श्रमशक्तीबाहेर. हताश होऊन थांबलेल्यांची मोजणी बंद झाली नाही, पण ती वेगळ्या तक्त्यात गेली. १९९४ मध्ये त्या तक्त्याचीही अट वाढली. ‘हताश’ म्हणवून घ्यायला गेल्या वर्षभरात कधीतरी शोधलेलं हवं. अट वाढताच हताशांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली.

भारताने मात्र ही अट जशीच्या तशी उचलली नाही. आपल्याकडे हे फारसं बोललं जात नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. पहिल्या तीन पंचवार्षिक योजनांत बेकारीचा हिशेब दुकानाच्या वहीसारखा मांडत. मागची बाकी अधिक नवे कामकरी, वजा नवे रोजगार, उरेल ती पुढची बाकी. हा आकडा विश्वासार्ह नाही हे उघड झाल्यावर नियोजन आयोगाने १९६८ मध्ये समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई विद्यापीठात शिकवणारे शेती-अर्थशास्त्रज्ञ प्रा. एम. एल. दांतवाला. १९७० च्या अहवालात समितीचं म्हणणं थोडक्यात असं होतं: स्वतःची शेती, घरचा धंदा आणि मिळेल ती मजुरी यांवर जगणाऱ्या देशात बेकारी एका आकड्यात बसवणं चुकीचं आहे.

त्यातून १९७२-७३ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत दर पाच वर्षांनी एकाच माणसाला तीन मापं लावायला सुरुवात झाली. पहिलं ‘सामान्य स्थिती’चं, म्हणजे गेल्या ३६५ दिवसांत बहुतेक काळ काय केलं. दुसरं आठवड्याचं, तिसरं दिवसाचं. आणि ‘शोधणं’ सक्तीचं ठेवलं नाही. शोधलं नसेल, पण मिळालं तर करायची तयारी होती, असं सांगणाराही बेरोजगार. हे शहाणपणाचं होतं, कारण खेड्यात काम शोधणं म्हणजे करायचं काय? कुणाच्या रानात खुरपणी निघाली तर आदल्या रात्री निरोप येतो. निरोप आला नाही तर जायचं कुठे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सांख्यिकी परिषदेनेही १९८२ मध्ये, जिथे काम शोधण्याच्या नेहमीच्या वाटा फारशा लागू पडत नाहीत तिथे ही अट सैल करायला मोकळीक दिली.

मग आपल्याकडे थांबलेली माणसं सुटतच नाहीत का? सुटतात, पण वेगळ्या दारातून.

मराठवाड्यातली एक बाई डोळ्यासमोर आणू. माणूस काल्पनिक, नियम खरे. पावसाळ्यात खुरपणी, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी, असे वर्षाला शंभरेक दिवस ती मजुरीला जाते. उरलेले महिने काम नसतं. मे महिन्यात पाहणीवाले घरी येतात. ओसरीवर सासरे बसलेले असतात, उत्तरं तेच देतात. पाहणीत घरातल्या दुसऱ्याने माहिती दिलेली चालते.

“सूनबाई काय करतात?”

“ती? घरीच असती.”

टॅबवर ९२ हा संकेतांक पडतो, म्हणजे ‘फक्त घरकाम’. सरपण आणणं, गोवऱ्या थापणं हेही सांगितलं तर ९३. दोन्ही श्रमशक्तीबाहेरचे. प्रश्न थेट तिलाच विचारला असता आणि ती म्हणाली असती, “काम निघालं असतं तर गेले असते की,” तर त्या आठवड्यापुरता ८२ पडला असता, म्हणजे शोधलं नाही पण तयारी होती, आणि ती बेरोजगारांत मोजली गेली असती. त्याच आठवड्यात शेजारणीच्या रानात तासभर पैशावर काम केलं असतं, तर ती कामकरी. आठवड्याच्या मापात कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम पुरतं, आणि कामाला बेरोजगारीपेक्षा अग्रक्रम असतो.

आता वर्षाचं माप लावू. वर्षातला बराचसा काळ ती घरी, म्हणून मुख्य स्थिती ९२. पण ३० दिवसांहून जास्त मजुरी केली आहे, म्हणून दुय्यम स्थिती धरली की ती ‘रोजगार असलेली’. वर्तमानपत्रात जो वार्षिक दर छापून येतो तो बहुधा मुख्य आणि दुय्यम मिळून काढलेला. त्यात तिचे वर्षातले आठ रिकामे महिने कुठेच दिसत नाहीत. थोडक्यात, तीच बाई वर्षाच्या मापात रोजगारात, आणि आठवड्याच्या मापात कुणी कसं उत्तर दिलं त्यावर बेरोजगार किंवा कुठेच नाही.

२०१७ मध्ये पाच वर्षांच्या फेऱ्या थांबून नियतकालिक श्रमशक्ती पाहणी, म्हणजे पीएलएफएस, सुरू झाली. तिच्या २०२३-२४ च्या अहवालात १५ वर्षांवरच्यांचा बेरोजगारी दर सामान्य स्थितीनुसार ३.२ टक्के आहे, आठवड्याच्या मापाने ४.९. दोन्ही सरकारी, दोन्ही बरोबर. २०२५ पासून दर महिन्याला येणारा आकडा आठवड्याच्या मापाचा असतो. एप्रिल २०२५ चा ५.१ टक्के होता. तो ३.२ शेजारी ठेवून ‘बेरोजगारी भडकली’ असं ज्यांनी लिहिलं त्यांनी दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली लांबी एकमेकींतून वजा केली.

दरापेक्षा मी आधी सहभागाचा आकडा पाहतो, म्हणजे १०० पैकी किती जण श्रमशक्तीत आहेत. दर उतरला आणि सहभागही उतरला, तर वाडीतल्या त्या तिघांची आठवण ठेवावी. पण सहभाग वाढला म्हणून लगेच आनंद मानायचंही कारण नाही. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. वाढीचा मोठा वाटा स्वतःचं काम करणाऱ्या आणि घरच्या शेती-धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या बायकांचा आहे. म्हशीची धार काढणारी बाई कालपर्यंत ९२ मध्ये असेल आणि आज २१ मध्ये, म्हणजे ‘मदतनीस’ म्हणून, तर तिचं आयुष्य बदललं की नोंद, हे नुसत्या टक्क्यावरून ओळखता येत नाही.

मुंबईची सीएमआयई ही खासगी संस्था हे वेगळ्या तऱ्हेने सोडवते. तिच्या पाहणीत ‘काम हवंय आणि शोधतोय’ आणि ‘काम हवंय पण शोधत नाही’ असे दोन स्वतंत्र कप्पे आहेत. मथळ्यातला दर पहिल्यावरून निघतो, दोन्ही मिळून एक मोठा दर वेगळा दिला जातो. दोन दरांतलं अंतर म्हणजे थांबलेली माणसं, निदान ज्यांनी तसं कबूल केलं ती.

कबूल करणं हाच अवघड भाग आहे. पुण्यात अभ्यासिकेत बसून चार वर्षं स्पर्धा परीक्षा देणारा पोरगा ‘तयारी करतोय’ म्हणतो, ‘बेकार आहे’ म्हणत नाही. मराठीत बेकारचा दुसरा अर्थ टाकाऊ असा होतो, हेही लक्षात घ्या. आणि घर सांभाळणारी बाई तर ‘काम नाही’ असं म्हणणारच नाही, तिला दिवसभर काम असतंच.

राष्ट्रीय नमुना पाहणीने म्हणूनच घरकाम अशी नोंद झालेल्या बायकांना एक जादा प्रश्न विचारून पाहिला होता: घरीच बसून करता येईल असं काम मिळालं तर कराल का? २०११-१२ च्या फेरीत ग्रामीण भागातल्या अशा बायकांपैकी साधारण तीनातली एक ‘हो’ म्हणाली. हे ‘हो’ बेरोजगारीच्या दरात धरलेलं नाही, अहवालाच्या मागच्या तक्त्यांत आहे. कसलं काम हवं, असं पुढे विचारलं तेव्हा बऱ्याच जणींनी शिवणकाम सांगितलं, आणि खेड्यांत त्याबरोबर दुभती जनावरं.