लोगोत सगळा धंदा दिसायलाच हवा का?

"लोगो बघताच आपण काय विकतो ते कळायला पाहिजे ना?"

नाही, ते काम पोत्यावरच्या नावाचं. लातूरच्या एका डाळमिलच्या लोगोत तुरीची शेंग, सूर्य आणि लक्ष्मी असं सगळं होतं. पडद्यावर देखणं दिसायचं. दीड सेंटिमीटरचा करून एका रंगात छापला, तर शेंगेच्या बारीक रेषा शाईत बुजल्या. इतर मिलच्या पोत्यांशेजारी ठेवला, तर शेंग सगळ्यांकडेच होती! दुसऱ्या दिवशी हमालांना आठवून काढायला सांगितलं. बहुतेकांनी फक्त सूर्य काढला. लक्ष्मीला मी आधीच नको म्हटलं होतं, कारण रिकाम्या पोत्यावर पाय पडतो आणि ते माणसांच्या मनाला लागतं. शेवटी जाड रेषेचा अर्धा सूर्य मंजूर केला; तो शेजारच्या कुठल्याच पोत्यावर नव्हता.